काट्यावरचं वजन आणि ‘पास’ची टिक

प्रोजेक्टवाला, संभाजीनगर: नव्या ईआरपीत ऑर्डर टू कॅशच्या, म्हणजे ऑर्डरपासून पैसे येईपर्यंतच्या कामाच्या, युएटी स्क्रिप्ट, म्हणजे गो-लाइव्हआधी युजरनं करायच्या चाचण्या, कन्सल्टंटनंच लिहून द्याव्यात, युजरनं फक्त चालवून टिक करावी. आमच्या 34 स्क्रिप्ट तीन दिवसांत पास झाल्या. युजरला लिहायला बसवलं की महिना जातो. कुणाला वेगळं वाटतं का?

बिलिंगवाली, जालना: मला वाटतं, आणि चांगलंच वाटतं. आमच्या रोलिंग मिललाही अशाच तयार स्क्रिप्ट आल्या होत्या. ऑर्डर 10 नग, डिलिव्हरी 10 नग, बिल 10 नग, पास. सळई नगावर कुठं विकतात? 12 एमएमची सळई मीटरला 0.888 किलो धरतात, पण आयएस 1786 मध्येच त्या जाडीला वजनात 5 टक्के इकडं-तिकडं चालतं. म्हणजे 20 टनांची ऑर्डर काट्यावर 20 टन कधीच उतरत नाही. ही गोष्ट कन्सल्टंटला ठाऊक नव्हती, आम्ही सांगितली नाही, आणि स्क्रिप्टनं विचारली नाही.

गो-लाइव्हच्या तिसऱ्या दिवशी काय झालं ते सांगते. पार्टीची क्रेडिट लिमिट 25 लाख, येणं 13 लाख. 20 टनांची ऑर्डर, 50 हजार रुपये टन, 18 टक्के जीएसटी धरून 11 लाख 80 हजार. एकूण 24.80 लाख, ऑर्डर सुटली. संध्याकाळी गाडी भरली, काट्यावर नेट 20.480. आता माल 12,08,320 रुपयांचा, म्हणजे लिमिटच्या वर 8,320. माल बाहेर काढायची एंट्री करताना सिस्टीम अडली. गाडी गेटवर, ड्रायव्हर ओरडतोय, ब्लॉक सोडणारे साहेब अंबडला लग्नात आणि फोन बंद. शेवटी डिस्पॅचच्या पोरानं डिलिव्हरीत 20.000 टाकलं. लगेच सुटलं! 480 किलो माल बिलाशिवाय गेला, करासकट 28,320 रुपये. महिन्याच्या शेवटी स्टॉक मोजला तेव्हा सापडलं.

त्या पोराला मी दोष देत नाही. ब्लॉक आला तर पुढं काय करायचं हे एकाही स्क्रिप्टमध्ये नव्हतं. नंतर आम्ही स्वतः लिहिली. पार्टी, लिमिट, येणं वरचंच, जास्त वजनाची मुभा 3 टक्के, आणि एकाच ऑर्डरवर तीन वजनं, दर वेळी नव्यानं:

20.300 टाका: सुटलं पाहिजे, एकूण 24,97,700.
20.480 टाका: मुभेत बसतं, पण क्रेडिटला अडलं पाहिजे. अडल्यावर कुणाच्या लॉगिनला दिसतं, तो नसेल तर कुणाच्या, आणि अडलेलं असताना डिस्पॅचच्या लॉगिननं वजन बदलता येतं का? येता कामा नये.
20.650 टाका: 20.600 च्या वर आहे, वजनच घेता कामा नये.

‘ब्लॉक येतो’ एवढंच अपेक्षित उत्तर लिहिलं असतं तर त्या रात्रीचा प्रकार पास झाला असता, कारण ब्लॉक आलाच होता.

एसडी कन्सल्टंट: मॅडम, हा दोष स्क्रिप्टचा नाही. तुमच्या सही केलेल्या ब्लूप्रिंटमध्ये वजनाचा मुद्दा नसेल तर आम्ही स्क्रिप्टमध्ये आणायचा कुठून? आणि उपाय सोपा आहे. क्रेडिट चेक फक्त ऑर्डरला ठेवा, माल निघताना बंद करा. गाडी भरल्यावर अडवण्यात अर्थ नाही.

बिलिंगवाली, जालना: ब्लूप्रिंटचं मान्य, सही आमचीच होती. पण क्रेडिट चेक बंद केला तर आठ दिवसांपूर्वीची ऑर्डर आज निघेल, मधल्या काळात त्या पार्टीचा चेक बाउन्स झाला असला तरी. आमच्या धंद्यात ऑर्डर आणि गाडी एका दिवशी होत नाहीत.

एसडी कन्सल्टंट: मग ऑर्डरलाच 3 टक्के जास्त धरून तपासा. बाउन्सचं वेगळं बघावं लागेल, ते मी धरलं नव्हतं.

वाळूजचा: आमच्याकडं ऑटो पार्ट, सगळं नगावर, हा प्रश्नच येत नाही. आमचं दुखणं वेगळं. 500 पाठवले की गिऱ्हाईक 496 ची पोच देतं आणि 496 चेच पैसे टाकतं. पैसे बिलाला लावायचं गिऱ्हाइकाच्या मर्जीवर सोडायचं का, हे कुणी सांगत नाही. ब्लॉक कुणी सोडायचा एवढ्यावर काय भांडायलात?

काटाघर: भांडण तुमचं चालू द्या, पण 20.480 हे वजन खरं होतं का हे कुणी विचारलंच नाही. रिकामी गाडी तोलताना ड्रायव्हर-क्लीनर केबिनमध्ये बसलेले असतात, भरून तोलताना खाली उतरून चहाला जातात. दोघांचे दीडशे किलो तिथंच गेले. मधे डिझेल भरलं तर उलटं. कामून कुणी त्याची स्क्रिप्ट लिहीत नाही?

एसडी कन्सल्टंट: दादा, ड्रायव्हर कुठं बसला हे ईआरपी कसं ओळखणार? हा शिस्तीचा विषय आहे, सॉफ्टवेअरचा नाही.

काटाघर: आम्हाला शिस्त शिकवू नका. काट्याची वायर निघाली की स्क्रीनवर वजनाची चौकट हातानं टाकायला मोकळी होते, ते तुम्हीच ठेवलंय. रात्री दोनला 20.480 चं 20.840 झालं तर दोष माझा! पुण्यात बसून सांगायला सोपं आहे.

एसडी कन्सल्टंट: पुण्याचा काय संबंध? मी परभणीचा आहे. हातानं टाकायची सोय तुमच्याच लोकांनी मागितली होती, काटा बंद पडला तर गाड्या थांबतात म्हणून.

लेखापाल, लातूर: जरा थांबा दोघं. 20.480 चं 20.840 आमच्याकडं खरंच झालं. ई-इनव्हॉइस निघालं, ई-वे बिल निघालं, गाडी गेली, आणि दोन दिवसांनी पार्टीचा फोन. तोवर 24 तास उलटलेले, त्यामुळं ई-इनव्हॉइसचा नंबर, आयआरएन, रद्द होत नाही. क्रेडिट नोट काढावी लागली, 0.360 टनांची, करासकट 21,240. काढणाऱ्यानं भावातल्या फरकाची नोट काढली. पैसे जुळले, पण 360 किलो सिस्टीममधून गेलेले राहिले आणि यार्डात पडलेले. नोट मालाच्या परतीशी बांधलेली हवी होती, म्हणजे स्टॉकही परत चढला असता. आमच्या क्रेडिट नोटच्या स्क्रिप्टमध्ये रक्कम तपासलेली होती, स्टॉक नाही. तेवढी एक ओळ असती तर बरं झालं असतं.

काटाघर: हेच सांगायलोय. हातानं वजन टाकलं तर दुसऱ्याची मंजुरी आणि स्लिपवर ‘हाताने’ असा शिक्का. वायर काढून ही स्क्रिप्ट चालवा. खरंच वायर काढून, टेबलावर बसून नाही.

एसडी कन्सल्टंट: वायर काढून कुणीच चाचणी केली नाही, हे खरं आहे. आम्हीही नाही केली.

प्रोजेक्टवाला, संभाजीनगर: आमचा एक क्लायंट पत्र्याच्या कॉइल वजनावर विकतो. 34 पैकी त्याच्या 6 स्क्रिप्ट पुन्हा उघडतो, वजन बदलून. पण लिहायला डिस्पॅचवाल्याला बसवणार नाही. तो बोलेल, कन्सल्टंट लिहील.

बिलिंगवाली, जालना: बोलेल तेव्हा काटाघरात जाऊन ऐका, मीटिंग रूममध्ये बोलावू नका. तिथं तो ‘सगळं बरोबर आहे’ एवढंच म्हणेल. आणि अपेक्षित उत्तराचा रकाना त्यानं भरल्याशिवाय चाचणी सुरू करू नका. कन्सल्टंटनं भरला तर स्क्रीनवर जे येईल तेच अपेक्षित ठरतं.

प्रोजेक्टवाला, संभाजीनगर: तो रकाना देतो. बाकी माझं मत तेच.

काटाघर: ड्रायव्हर खाली उतरतो त्याचं काय ते अजून कुणी सांगितलं नाही.