फोटोतल्या वंशावळीत विठोबा नेमके कोणाचे?

अनुजा (पुणे): सर्वांना नमस्कार. भाऊकाकांनी 1981 साली खतावणीच्या पानावर काढलेल्या वंशावळीचा फोटो मागच्या आठवड्यात ग्रुपवर आला होता. त्यावरून स्वच्छ तक्ता करायला घेतला आहे. एकूण 41 नावे वाचता आली. मी लगेच चौकटी आखायला बसले नाही. आधी प्रत्येक नावाला साधा अनुक्रमांक दिला आणि पानावर जसे लिहिले आहे तसेच ते उतरवून, त्यापुढे वडिलांचा क्रमांक लिहिला. ज्या ठिकाणी वडिलांचा क्रमांक ठामपणे लिहिता आला नाही, तेवढ्याच जागा अडचणीच्या आहेत. त्यांपैकी सर्वांत मोठी अडचण 17 क्रमांकाच्या विठोबांची आहे.

राहुल (कराड): पानावर ते महादेव आजोबांच्या एक ओळ खाली आहेत. मग त्यांना महादेव आजोबांचा मुलगा धरायला हरकत काय?

अनुजा (पुणे): हरकत अशी की, भाऊकाकांच्या पानावर ओळ आणि पिढी यांचा मेळ नाही. उजवीकडे जागा संपली तेव्हा त्यांनी तीन नावे खाली ढकलली आहेत आणि त्यांतल्या दोघांची पिढी आपल्याला नक्की माहीत आहे. म्हणून मी पिढी उंचीवरून ठरवत नाही. वडिलांची पिढी अधिक एक, एवढाच हिशेब करते. विठोबांच्या बाबतीत वडीलच ठरत नाहीत, कारण त्यांच्यापासून वर जाणारी रेघ नेमकी कागदाच्या घडीत शिरते आणि सखाराम व महादेव यांच्या मधोमध कुठेतरी विरते.

वसंतकाका, मूळ पान आपल्याकडे आहे. ते खिडकीजवळ ठेवून एकदा डावीकडून आणि एकदा उजवीकडून उजेड पडेल असे दोन फोटो कृपया काढाल का? फोन पानाच्या बरोबर वर, सरळ धरावा. घडीची सावली उजेडाबरोबर बाजू बदलते, शाईची रेघ मात्र जागची हलत नाही.

वसंतकाका (तासगाव): दोन्ही फोटो पाठवले आहेत. डावीकडून उजेड असताना दिसणारी उभी रेघ दुसऱ्या फोटोत नाहीशी होते, म्हणजे ती घडीच होती. खरी रेघ तिच्या शेजारी, तिरकी आणि फिकट आहे. ती सखारामांच्या नावावरून पुढे जाऊन त्यांचे बंधू ज्ञानू यांच्याकडे वळल्यासारखी वाटते, परंतु मला खात्री नाही. विठोबा हे माझे वडील. आम्ही सखारामांच्या घरचे, असेच लहानपणापासून ऐकत आलो. वडिलांच्या शाळेच्या दाखल्यावरही ‘विठोबा सखाराम’ असेच नाव आहे.

अनुजा (पुणे): म्हणजे आता तीन शक्यता झाल्या: महादेव, सखाराम किंवा ज्ञानू. पहिली शक्यता शकुआत्यांच्या एका उत्तरावर निकाली निघेल. आत्या, तुमचे वडील महादेव हे विठोबांना काय म्हणून हाक मारत असत? ‘आबा’, ‘तात्या’ अशी घरगुती नावे नकोत, कारण ती कोणालाही पडतात. नात्याची हाक हवी आहे.

शकुआत्या (सांगली): माझे वडील त्यांना दादा म्हणत आणि आम्ही मुले काका म्हणत असू. ते वडिलांपेक्षा दोन-तीन वर्षांनी मोठे होते. मुलगा बापाहून मोठा कसा असेल, बाळा?

अनुजा (पुणे): आत्या, धन्यवाद. महादेवांची शक्यता संपली. विठोबा आणि महादेव एकाच पिढीतले. मात्र ‘दादा’ ही हाक सख्ख्या थोरल्या भावालाही असते आणि चुलतभावालाही, त्यामुळे हाकेवरून पिढी कळली तरी बाप कळत नाही. त्यासाठी कागदच पाहावा लागेल. वसंतकाका, जमिनीचे जुने फेरफार आपण मागे काढून आणले होते ना?

वसंतकाका (तासगाव): हो, माझ्याकडे दोन नकला आहेत. 1919 च्या नोंदीत ‘ज्ञानू बाळा मयत, वारस मुलगा विठोबा, अ.पा.क. चुलता सखाराम बाळा’ असे लिहिले आहे. या ‘अ.पा.क.’चा अर्थ मला कोणी नीट सांगितला नव्हता. शिवाय वर ‘जिल्हा सातारा’ आहे, म्हणून हा दुसऱ्याच गावचा कागद असेल असे वाटून मी तो बाजूला ठेवला होता.

अनुजा (पुणे): काका, तो आपलाच कागद आहे. तासगाव तालुका तेव्हा सातारा जिल्ह्यातच होता. 1949 मध्ये दक्षिण सातारा हा वेगळा जिल्हा झाला आणि 1960 मध्ये त्याचे नाव सांगली पडले. ‘अ.पा.क.’ म्हणजे अज्ञान पालनकर्ता. वारस अज्ञान, म्हणजे वयाने लहान असल्यामुळे, त्याच्या वतीने चुलत्याचे नाव लागले आहे. असे नाव सातबाऱ्यावर वर्षानुवर्षे तसेच राहते आणि पुढच्या पिढीला तोच बाप वाटू लागतो.

राहुल (कराड): मग शाळेचा दाखला खोटा म्हणायचा का?

अनुजा (पुणे): खोटा म्हणता येणार नाही. मुलाला शाळेत ज्याने घातले, त्याचे नाव वडिलांच्या जागी लागले असावे. फेरफाराची नोंद मृत्यूच्या लगतची आहे आणि त्यात नाते ‘चुलता’ असे स्पष्ट लिहिले आहे, म्हणून बापाच्या बाबतीत मी ती अधिक धरते. एक शंका मात्र उरते. सखारामांनी विठोबांना पुढे दत्तक घेतले असेल तर? काका, दुसरी नक्कल कशाची आहे?

वसंतकाका (तासगाव): ती 1946 ची, सखाराम वारल्यानंतरची वारसनोंद आहे. त्यात ‘महादेव सखाराम’ आणि ‘ज्ञानू सखाराम’ ही दोनच नावे आहेत.

अनुजा (पुणे): दत्तक असते तर विठोबांचेही नाव त्यात यायला हवे होते. या नोंदीने आणखी एक घोळ सुटतो. आपल्या वंशावळीत दोन ज्ञानू आहेत. सखारामांनी वारलेल्या भावाचे नाव धाकट्या मुलाला ठेवलेले दिसते. भाऊकाकांच्या पानावर दोघेही नुसते ‘ज्ञानू’ आहेत, म्हणून तक्त्यात एकेरी नाव कोठेच ठेवणार नाही. ‘ज्ञानू बाळा’ आणि ‘ज्ञानू सखाराम’ असेच लिहीन.

शकुआत्या (सांगली): विठोबाकाकांचे वडील मानमोडीच्या साथीत गेले, असे माझी आजी सांगत असे. त्यांची आईही त्याच वेळी गेली असेल, नाही तर चुलत्याचे नाव कशाला लागले असते?

अनुजा (पुणे): आत्या, मानमोडीची साथ 1918 ची, त्यामुळे 1919 च्या नोंदीशी तुमची आठवण जुळते. तक्त्यात ज्ञानू बाळा यांच्या नावाखाली ‘मानमोडीत निधन, घरातील आठवण’ असे लिहीन. आईविषयी मात्र मी काहीच लिहिणार नाही. त्या काळी मुलगा असताना विधवेचे नाव वारस म्हणून लागत नसे, आणि एकत्र कुटुंबात कारभार कर्त्या दिराकडेच असे. त्यामुळे नोंदीत नाव नाही एवढ्यावरून त्या वारल्या होत्या असे म्हणता येत नाही. त्यांची चौकट रिकामी ठेवते. कोणाला नाव आठवले तर माहेरचे की सासरचे तेही कळवावे.

वसंतकाका (तासगाव): आमच्या घरातून सखारामांचे नाव साफ पुसले जाऊ नये, एवढेच मला वाटते. वडिलांना त्यांनीच वाढवले.

अनुजा (पुणे): पुसले जाणार नाही, काका. विठोबांची सलग रेघ ज्ञानू बाळा यांच्याकडे जाईल आणि सखारामांकडून तुटक रेघ येऊन तिच्यावर ‘पालन’ असे लिहिलेले असेल. दत्तकासाठी दुहेरी रेघ राखून ठेवली आहे, म्हणजे दोन्हींत गल्लत होणार नाही.

शकुआत्या (सांगली): आणि माझे नाव? भाऊच्या पानावर आम्हा तिघी बहिणींची जागाच नाही.

अनुजा (पुणे): तुम्हा तिघींना 42, 43 आणि 44 क्रमांक दिले आहेत. क्रमांकावरून थोरले-धाकटे ठरत नसल्यामुळे मागाहून नावे घालताना जुने क्रमांक बदलावे लागले नाहीत. प्रत्येकीची चौकट भावांच्याच ओळीत आहे. बाकी घरांतल्या मुलींची नावेही येत्या रविवारपर्यंत पाठवावीत. हा तक्ता आपल्या माहितीसाठी आहे. तलाठ्याकडे वारसनोंदीला प्रतिज्ञापत्रासह वेगळी वंशावळ द्यावी लागते आणि तिथे मुलींची नावे वगळून मुळीच चालत नाही.

शकुआत्या (सांगली): तिघींत मी मधली. सुमन थोरली होती. तेवढे बरोबर लिही.