वाटणीपत्रावर आत्याची सही नाही, मग ठरलेले पैसे तिला मागता येतात का?

निळीशाई: आजोबा २००९ साली गेले. २०१२ साली आत्याने हक्कसोडपत्र करून दिलं, २०१३ साली बाबा आणि काकांचं नोंदणीकृत वाटणीपत्र झालं. काकांनी आत्याला हयात असेपर्यंत दरमहा ३००० रुपये द्यायचे, असं त्यात लिहिलंय. आत्या विधवा, मूलबाळ नाही. काका आठ वर्षं तिच्या खात्यात पैसे भरत होते, चार वर्षांपासून बंद. विचारलं तर म्हणतात, "कागदावर तिची सही दाखवा." आत्या दावा लावू शकते का?

जुना_मुनीम: ऐकायला कडू वाटेल, पण काकांचं चूक नाही. करार दोन भावांचा, आत्या तिऱ्हाईत. तिऱ्हाइताला करारावर दावा लावता येत नाही. बँकेच्या वसुली खात्यात माझी तीस वर्षं गेली, हा फटका आम्ही खाल्लेला आहे. चाको विरुद्ध स्टेट बँक ऑफ त्रावणकोर, १९६९ चा सुप्रीम कोर्टाचा निकाल काढून वाचा. वडिलांनी मालमत्ता घरच्यांना वाटून देताना लिहिलं होतं की बँकेचं देणं मुलाने फेडावं. बँक म्हणाली, बघा, आमचं नाव कागदात आहे. कोर्ट म्हणालं, नाव असेल, पण तुम्ही त्या कागदाचे पक्षकार नाही. दावा करायचा तर बाबांनी करावा, त्यांच्याशी काकांचा करार आहे.

दुसरंवर्ष_लॉ: पूर्ण असहमत. १८७२ च्या करार कायद्यात कलम २(ड) स्पष्ट सांगतं की मोबदला वचन घेणाऱ्याने "किंवा अन्य कोणीही" दिला तरी चालतो. चिन्नय्या विरुद्ध रामय्या, मद्रास, १८८२. आईने मुलीला जमीन बक्षीस दिली, अट अशी की मुलीने आईच्या भावंडांना वर्षासन द्यावं. भावंडांनी छदाम दिला नव्हता, तरी जिंकले. आत्याचं प्रकरण डिट्टो आहे. संपला विषय.

दिवाणी_गल्ली: संपला नाही, बाळा. चिन्नय्यात मुलीने त्याच दिवशी भावंडांना वेगळा कागद लिहून दिला होता: मी तुम्हाला वर्षासन देईन. म्हणजे ती भावंडं कराराच्या आतच होती, प्रश्न फक्त मोबदला कोणाकडून आला एवढाच होता. आत्याची अडचण दुसरी आहे, ती करारातच नाही. मोबदला कोणी दिला आणि दावा कोण लावू शकतो, हे दोन वेगळे प्रश्न आहेत. परीक्षेतही इथेच मार्क जातात.

मुनीमकाकांनी चाको निम्माच सांगितला. त्याच निकालात कोर्टाने अपवादही मान्य केलेत: कोणाच्या लाभासाठी न्यास किंवा मालमत्तेवर बोजा निर्माण केला असेल, किंवा कौटुंबिक व्यवस्थेत कोणाची सोय केली असेल, तर तो माणूस सही नसतानाही मागू शकतो. बँक हरली कारण तो कागद तिच्यासाठी लिहिलाच नव्हता. बापाने घरातल्या घरात कर्जाची जबाबदारी कोणावर, एवढं ठरवलं होतं. इथे तरतूद आत्याच्याच पोटासाठी आहे.

याचं मूळ १९१० च्या प्रिव्ही कौन्सिलच्या हुसैनी बेगम निकालात. १८७७ साली दोन बापांनी अल्पवयीन मुलामुलीचं लग्न ठरवताना करार केला की सुनेला पानदानखर्च म्हणून दरमहा ५०० रुपये मिळतील, आणि त्यासाठी मालमत्ता नेमून दिली. पुढे नवराबायकोचं फाटलं, सून सासऱ्यावर दावा लावून जिंकली. कौन्सिलने म्हटलं की जिथे लग्नं आईबाप ठरवतात तिथे इंग्लंडचा नियम जसाच्या तसा लावला तर अन्याय होईल. आणि तुमच्या केसला अगदी जवळचा निकाल म्हणजे शुप्पू अम्माळ, मद्रास, १९१०. दोन भावांनी वाटणीत ठरवलं की आईच्या निर्वाहासाठी दोघांनी सारखी रक्कम गुंतवायची. आईने ती गुंतवायला लावली.

निळीशाईताई, कागदातलं वाक्य जसंच्या तसं टाका. सगळं त्या शब्दांवर आहे.

बांधावरचा: एवढं कशाला फिरवताय? २००५ पासून मुलींना सारखा हक्क आहे. आत्याने सरळ वाटा मागावा. आमच्या बहिणींनी मागितला, तीन एकरांतले दोन गेले. माझ्या सातबाऱ्यावर आता पाच नावं आहेत, ट्रॅक्टरला कर्ज मिळेना.

निळीशाई: @बांधावरचा दादा, आत्याने हक्क सोडलाय, वाटा नकोच तिला. वाक्य असं आहे: "लिहून देणार नं. १ यांनी त्यांचे वाट्यास आलेल्या बागायत जमिनीचे उत्पन्नातून श्रीमती (आत्या) यांस हयातीपर्यंत अन्नवस्त्रापोटी दरमहा रु. ३०००/- देणेचे आहेत. सदर रकमेचा बोजा सदर जमिनीवर राहील." पण सातबाऱ्यावर इतर हक्कांत आत्याचं नावच नाही.

दिवाणी_गल्ली: शेवटचं वाक्य लाख मोलाचं. नुसतं "उत्पन्नातून द्यावे" असतं तर काकांचा वकील म्हणाला असता की ही भावाभावांतली सोय आहे, आत्याचा हक्क नव्हे. "बोजा राहील" म्हटल्यावर तिचं घेणं जमिनीला चिकटलं. इतर हक्कांत नोंद नसल्याने बोजा मरत नाही. काकांनी उद्या जमीन विकली तर घेणारा म्हणेल, मला माहीत नव्हतं. पण वाटणीपत्र नोंदवलेलं आहे, त्यामुळे त्याला माहिती होती असंच कायदा धरतो. तरी प्रमाणित नकल जोडून तलाठ्याकडे नोंदीचा अर्ज द्याच, खरेदीदार आधी सातबारा बघतो.

आता थकबाकी. चार वर्षांचे १,४४,०००. साध्या करारावर मागितले तर मुदत तीन वर्षांची, म्हणजे १,०८,००० हाती येतील आणि ३६,००० गेले. जितका उशीर, तितका दर महिन्याला जुना एक हप्ता मुदतीबाहेर पडणार. बोज्याच्या वसुलीला मात्र बारा वर्षं आहेत, म्हणून दाव्यात बोजा जाहीर करून जमिनीतून वसुली मागायची. आधी नोटीस, मग दावा, आणि त्यात बाबांनाही प्रतिवादी करा. खातेउतारा आठ वर्षांचा काढा. सही नव्हती तर ९६ महिने कोणाला पैसे भरले, हे काकांना विचारता येईल.

जुना_मुनीम: बोज्याचं वाक्य आधी कळलं असतं तर माझा सूर वेगळा असता. पण बारा वर्षं इतक्या सहज मिळणार नाहीत. हिंदूच्या अन्नवस्त्राच्या थकबाकीला मुदत कायद्यात वेगळं कलम आहे, १०५, तीन वर्षांचं. समोरचा तेच पुढे करणार. दुसरं, हक्कसोडपत्र काढून बघा. त्यात "विनामोबदला" लिहिलेलं असेल, आपल्याकडे सगळे तेच छापतात. मग आत्याने वाटा सोडला तो या ३००० च्या बदल्यात, हे कसं सांगणार?

दिवाणी_गल्ली: १०५ चा मुद्दा मान्य, त्यावर युक्तिवाद होईल. विनामोबदला लिहिलं असलं तरी आत्याचा दावा हक्कसोडपत्रावर नाही, वाटणीपत्रावर आहे. मात्र काकांचा वकील एक गोष्ट नक्की म्हणेल: स्पेसिफिक रिलीफ अॅक्टचं कलम १५ लाभार्थ्याला दारात घेतं ते लग्नाच्या तरतुदीत किंवा घरातल्या वादग्रस्त हक्कांच्या तडजोडीत. इथे वाद होता कुठे?

दुसरंवर्ष_लॉ: सर, आणि समजा दोघा भावांनी मिळून उद्या पुरवणी लेख केला, "ही अट रद्द", तर?

दिवाणी_गल्ली: आठ वर्षं पैसे घेतल्यावर आणि बोजा बसल्यावर आत्याला न विचारता रद्द करता येणार नाही, असं माझं मत. दुसरा वकील वेगळं म्हणेल.

जुना_मुनीम: मी तोच दुसरा, वकील नसलो तरी. करणारे दोघे, तर मोडणारेही दोघे.

निळीशाई: हक्कसोडपत्र काढलं. "विनामोबदला, राजीखुशीने" असंच आहे. नोटिशीचं बाबांना सांगितलं, तेव्हापासून ते गप्प आहेत. काल रात्री आईला म्हणाले म्हणे, दादाने पुरवणी लेखाचा विषय मागच्या महिन्यातच काढला होता.