उलट उत्तरं कधीपासून सुरू झाली?

"मुलगा १४ वर्षांचा आहे. गेले तीन महिने प्रत्येक गोष्टीला नाही म्हणतो, वाद घालतो. हा ओडीडी असेल का?"

तुमच्या वर्णनात मला 'गेले तीन महिने' हे शब्द सर्वांत महत्त्वाचे वाटतात. ओडीडी म्हणजे मोठ्यांना सतत विरोध करण्याचा, आव्हान देण्याचा वर्तनविकार. त्याची लक्षणं बहुधा लहानपणीच दिसू लागतात, पौगंडावस्थेत पहिल्यांदा उगवणं कमी. निदानासाठी चिडणं, वाद घालणं, मुद्दाम डिवचणं, डूख धरणं अशा आठपैकी किमान चार लक्षणं सहा महिने टिकावी लागतात, आणि तीही फक्त भावंडांशी भांडताना दिसून चालत नाही.

माझ्याकडे समुपदेशनाला अशीच एक मुलगी आली होती. घरी फोन आणि कपड्यांवरून रोज खडाजंगी, पण शाळेत शिक्षकांशी नीट वागायची, मैत्रिणी टिकून होत्या, भांडण झालं तरी रात्री आईजवळ येऊन बसायची. ती स्वातंत्र्यासाठी भांडत होती. तिथे आजार शोधायची गरज नव्हती. मात्र ओडीडी कधीकधी फक्त घरातच दिसतो, म्हणून शाळेतून तक्रार नाही एवढ्यावर निर्धास्त होऊ नका.

पूर्वी शांत असलेला मुलगा अचानक बदलला असेल, तर मी आधी झोप, भूक, घसरलेले गुण, शाळेतला छळ आणि व्यसन यांची चौकशी करते. किशोरवयात नैराश्य बरेचदा उदासीऐवजी चिडचिडीतून दिसतं. मारहाण, घरातून पळून जाणं किंवा 'जगायचं नाही' अशी भाषा असेल, तर सहा महिने मोजत बसू नका, लगेच बालमनोविकारतज्ज्ञांना दाखवा.