शब्दचर्चा: बॉर्न सन्निकटनातला ‘क्षीण विभव’ म्हणजे किती क्षीण?

त्रिज्या: एमएस्सीच्या टिपणांत ‘क्षीण, आखूड पल्ल्याचा विभव’ असं लिहिलंय. क्षीण म्हणजे फक्त खोली कमी, की आणखी काही?

कोकणकडा: सोपं आहे. कणाची ऊर्जा खोलीपेक्षा बरीच जास्त असली की विभव क्षीण.

जुना मास्तर: मग अगदी मंद कणाला बॉर्न कधीच चालू नये, पण चालतं. गोल खड्डा घ्या, त्रिज्या a, खोली V₀. पहिल्या क्रमात आपण धरतो की खड्ड्याच्या आतही येणारी लाट जशीच्या तशी आहे. कण मंद असेल तर तरंगलांबी खड्ड्याहून खूप मोठी, त्यामुळे प्रकीर्णन-आयाम f मध्ये उरतं फक्त घनफळ गुणिले खोली:

f = (m/2πħ²) · V₀ · (4/3)πa³ = ga/3, जिथे g = 2mV₀a²/ħ²

σ = 4πf² = 4πa²g²/9

g = ०.२ ठेवा. f येतो ०.०६६७a. अचूक उत्तर a(tan√g/√g − 1), म्हणजे ०.०७२५a. क्रॉस-सेक्शन सुमारे १५ टक्के कमी पडला, कारण खड्ड्यात लाट थोडी उंचावते आणि ते आपण सोडून दिलं. म्हणून क्षीणपणा g वरून मोजायचा. खोली तीच ठेवून त्रिज्या दुप्पट केलीत तरी g चौपट होतो.

कोकणकडा: पण वेगवान कणाला माझं बरोबर ना?

जुना मास्तर: अर्धं. तिथे g हा ka पेक्षा खूप लहान हवा, k म्हणजे कणाचा तरंगांक. g = १००, ka = ३० घ्या: ऊर्जा खोलीच्या नऊपट, तरी g/ka तीनच्या वर. बॉर्न चालणार नाही.

रानपाखरू: आम्ही न्यूट्रॉनवाले ०.०२५ ईव्हीच्या न्यूट्रॉनला सर्रास बॉर्न लावतो. केंद्रकाची खोली तर कित्येक एमईव्ही. तो कुठे क्षीण?

जुना मास्तर: नाहीच. ड्यूटेरॉनचंच बघा: खोली ३५ एमईव्ही, पल्ला २ फर्मी आणि m च्या जागी न्यूट्रॉन-प्रोटॉनचं लघुकृत वस्तुमान धरलं तर g साधारण ३.४. π²/4, म्हणजे २.४७ ला पहिली बद्ध अवस्था येते आणि अचूक f अनंताकडे जातो; बॉर्न मात्र तिथेही ०.८२a सांगत राहतो. तुम्ही वापरता तो फर्मीचा आभासी विभव. पहिल्या क्रमात मोजलेली प्रकीर्णन-लांबीच मिळावी, असा तो मुद्दाम ठरवलेला असतो.

रानपाखरू: म्हणजे आमच्याकडे ‘क्षीण’ हे विशेषण खऱ्या विभवाचं नाहीच.

त्रिज्या: खड्ड्याऐवजी तेवढीच उंच टेकडी असेल तर? σ मध्ये g चा वर्ग आहे, चिन्ह दिसतच नाही.

जुना मास्तर: नेमकं तिथेच पाहा. टेकडीत लाट दबते, अचूक f चं मान ०.०६१७a. आता तोच बॉर्न सोळा-सतरा टक्के जास्त सांगतो. चिन्हाचा फरक दुसऱ्या क्रमात दिसू लागतो.

कोकणकडा: मग टिपणात ‘g एकाहून खूप लहान’ असंच लिहा, ‘क्षीण’ काढून टाका.

त्रिज्या: आणि वेगवान कणाचं काय? तिथे g मोठा असूनही चालतं म्हणालात. मला ‘क्षीण’ ठेवून दोन्ही अटी खाली द्याव्यात असं वाटतं.