बिनपगारी इंटर्नशिप: सही केली म्हणजे विषय संपला का?

सुनंदा (कर्वेनगर, पुणे):
मंडळी नमस्कार. आम्ही पुण्याला परत आलो तरी लिस्ट सोडवत नाही, म्हणून इथेच विचारते. भाची न्यू जर्सीत मार्केटिंग शिकते, तिकडचीच सिटिझन आहे त्यामुळे व्हिसाचा प्रश्न नाही. उन्हाळ्यात एका छोट्या ऑनलाइन दागिन्यांच्या कंपनीत इंटर्न होती, 14 आठवडे, आठवड्याला 25 तास, पगार शून्य. पहिले दोन आठवडे मालकिणीने जाहिरातींचं खरंच शिकवलं, मग पॅकिंग करणारी पार्टटाइम मुलगी सोडून गेली आणि तेव्हापासून ही डबे भरत होती, लेबलं चिकटवत होती, रिटर्नच्या मेलना उत्तरं देत होती. कॉलेजचं क्रेडिट वगैरे काही नाही. पगार मागणार नाही असं सुरुवातीलाच सही करून दिलंय. आता काही करता येतं का?

मिलिंद (एडिसन):
सुनंदाताई, सहीबिही विसरा. लेबर डिपार्टमेंटच्या सहा अटी असतात, त्यातली एक जरी मोडली तरी कंपनी अडकली. कंपनीला इंटर्नच्या कामाचा फायदाच व्हायला नको असा नियम आहे, इथे तर उघड उघड होतोय, सरळ कंप्लेंट ठोका.

अण्णा (सदाशिव पेठ):
आमच्या वेळी सीएच्या आर्टिकलशिपला स्टायपेंड द्यावाच लागायचा, आजही इन्स्टिट्यूटने किमान आकडा ठरवून दिलाय. अमेरिकेत तेवढंही नाही? कमाल आहे.

वैशाली (बाणेर, आधी जर्सी सिटी):
अण्णा, तो इथला नियम, तिकडे लागू नाही :) मिलिंददादा, सहा अटी 2010 च्या, त्या 2018 च्या जानेवारीत गेल्या. 2015 ला फॉक्स सर्चलाइट या फिल्म कंपनीच्या इंटर्नच्या केसमध्ये न्यूयॉर्कच्या अपील कोर्टाने म्हटलं की कंपनीला फायदा होतो का एवढंच बघू नका, एकूण जास्त फायदा कोणाचा होतो ते बघा. न्यू जर्सी त्या कोर्टाच्या हद्दीत नाही, पण डिपार्टमेंटने नंतर हीच कसोटी घेतली. त्यात सात मुद्दे आहेत आणि एक मोडला म्हणून निकाल लागत नाही, सगळं एकत्र तोलतात.

भाचीचं बघू. पगाराची अपेक्षा नव्हती, हे तिच्या विरोधात जातं. पण क्रेडिट नाही, शिकवणं दोन आठवड्यांत संपलं तरी इंटर्नशिप पुढे बारा आठवडे चालली, आणि मुख्य म्हणजे पगारी माणसाची जागा तिने भरून काढली. माझ्या मते हा शेवटचा मुद्दा सगळ्यात जड आहे. शिकाऊ मुलगी पॅकिंगवालीच्या शेजारी उभी राहून काम बघत असती तर गोष्ट वेगळी होती.

आणि सही. किमान वेतनाचा हक्क असा लिहून सोडता येत नाही, सुप्रीम कोर्टाने 1985 लाच म्हटलंय की लोक स्वतःहून नको म्हणाले तरी कायदा लागू होतो. म्हणजे सहीवरून अपेक्षा काय होती ते दिसतं, एवढंच. कंपनी छोटी आहे म्हणून सुटेल असंही नाही, पार्सलं दुसऱ्या राज्यांत जात असतील तर तेवढ्यावरही फेडरल कायदा तिला लागू होऊ शकतो.

मिलिंद:
बरं, बदललं असेल. पण मग सगळे 14 आठवडे धरायचे की पॅकिंगचे 12?

वैशाली:
हाच वादाचा मुद्दा. 2015 मध्येच फ्लोरिडाकडच्या अपील कोर्टाने नर्स-अ‍ॅनेस्थेशियाच्या विद्यार्थ्यांच्या केसमध्ये म्हटलं की एकच माणूस काही कामापुरता विद्यार्थी आणि बाकीच्या कामापुरता नोकर असू शकतो. तसं धरलं तर 12 गुणिले 25, 300 तास. फेडरल दर 7.25, म्हणजे 2,175 डॉलर, आणि मालकिणीने नियम समजून प्रामाणिकपणे वागल्याचं दाखवता आलं नाही तर तेवढेच अजून भरपाईचे. न्यू जर्सीचा दर याच्या दुपटीहून जास्त आहे, म्हणून मी राज्याच्या लेबर डिपार्टमेंटकडे आधी जाईन.

श्रीकांत (प्लेन्सबोरो):
मध्येच घुसतो. आमचा मुलगा ओपीटीवर आहे, म्हणजे शिक्षणानंतर स्टुडंट व्हिसावरच काम करायची मुदत चालू आहे, नोकरी नाही म्हणून बिनपगारी काम धरायचं म्हणतोय, नाहीतर बेकारीचे 90 दिवस संपतील. चालतं ना?

वैशाली:
पहिल्या वर्षाच्या ओपीटीत आठवड्याला निदान 20 तास असतील तर धरतात, पण ते काम लेबर कायद्यात बसत असेल तरच, म्हणजे फिरून हाच प्रश्न. सायन्स-इंजिनिअरिंगवाल्यांना पुढे वाढवून मिळते त्या स्टेम एक्स्टेन्शनमध्ये बिनपगारी अजिबात नाही. कॉलेजात परदेशी विद्यार्थ्यांचं बघणाऱ्या डीएसओला लेखी विचारा.

सुनंदा:
वैशाली, खूप मदत झाली गं. पण तास लिहून ठेवलेले नाहीत तिने, आणि मालकिणीकडून रेफरन्स पण हवाय तिला.

वैशाली:
तास नोंदवणं मालकाचं काम होतं, तिचं नाही, त्यामुळे अंदाज पुराव्यानिशी दिला तरी चालतो. रिटर्नच्या मेलच्या वेळा, लेबलांवरच्या तारखा आणि "आज लवकर ये, 60 ऑर्डरी आहेत" टाइपचे मेसेज आत्ताच तिच्या फोनवर उतरवून घ्यायला सांगा, कंपनीचं लॉगिन बंद झालं की मेल हाती लागणार नाहीत. फेडरल दाव्याला दोन वर्षं मिळतात, जाणूनबुजून बुडवलं असेल तर तीन, त्यामुळे उद्याच धावायला नको. रेफरन्सचं मात्र तिचं तिनेच ठरवावं.

मिलिंद:
मी असतो तर आधी रेफरन्स घेतला असता आणि मग कंप्लेंट :)

सुनंदा:
तिच्या आईचं अगदी उलटं म्हणणं आहे. रविवारी फोन आहे, बघू.