अनुभव धागा: तुमच्या सोसायटीत पार्किंग कोणाचं?

आमच्या जुन्या इमारतीत काही जणांकडे बिल्डरने दिलेल्या स्टिल्ट पार्किंगच्या पावत्या आहेत, बाकीचे गाड्या रस्त्यावर लावतात. तुमच्याकडे वाटप कसं झालं? भांडणांसकट लिहा.

डोंबिवलीकर सेक्रेटरी: दहिसरच्या एका सोसायटीच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने 2010 मध्ये सांगितलं की मोफा कायद्यानुसार स्टिल्टमधली जागा म्हणजे गॅरेज नव्हे, ती सामाईक आहे आणि बिल्डरला वेगळी विकता येत नाही. त्या निकालाच्या आधारे आम्ही वाटप केलं. आधी महापालिकेचा मंजूर नकाशा काढला. जमिनीवर 21 चौकटी रंगवलेल्या, नकाशात 18! उरलेल्या तीन अग्निशमनाच्या गाडीच्या वाटेवर होत्या, त्या पुसल्या. मग अर्ज मागवले, सोबत सभासदाच्या नावाचं आरसी बुक. गाड्या 23 निघाल्या, म्हणून सर्वसाधारण सभेतच चिठ्ठ्या काढल्या. एका सभासदाला एकच जागा, तीही वर्षभरासाठी. राहिलेल्या पाच जणांना पुढच्या वर्षी आधी जागा द्यायची, असा ठराव केला. पावतीवाले दोघे अजून बोलत नाहीत. पैसे परत मागायचे तर बिल्डरकडे मागा, सोसायटीने ते घेतलेलेच नाहीत, हे त्यांना पटत नाही.

नवी_खरेदी: रेरा आल्यापासून बिल्डरला कुठलंच पार्किंग विकता येत नाही ना?

डोंबिवलीकर सेक्रेटरी: उघडं पार्किंग नाही विकता येत. महाराष्ट्राच्या रेरा नियमांत आच्छादित पार्किंग वेगळं धरलंय, ते करारात येऊ शकतं. तुमच्या करारात जागेचा क्रमांक, लांबी, रुंदी, उंची लिहिली आहे का ते बघा. मोघम ‘एक पार्किंग’ असेल तर आत्ताच लिहून घ्या. खांबाला चिकटून जागा मिळाली तर दारही उघडत नाही.

सातवा मजला: पार्किंगचं मला माहीत नाही, आमच्याकडे गाडीच नाही. पण गच्ची! पावसात बेडरूमचं छत गळतं आणि कमिटी म्हणते, ‘गच्ची तुमच्या डोक्यावर, खर्च तुमचा.’ मग किल्ली मात्र ऑफिसात का?

मंजिरी, ठाणे: ताई, गच्ची सोसायटीची, तर गळतीचा खर्चही सोसायटीचा. उपविधींतच तसं आहे. लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. आमच्याकडे तोंडी तक्रारींत दोन पावसाळे गेले. अर्जावर पोच घेतल्यावर मगच वॉटरप्रूफिंगचं कोटेशन आलं.

कोथरूडचा भाडेकरू: मालकाकडे गाडी नाही, माझ्याकडे आहे. जागा मालकाच्या नावाने मागायची की माझ्या? आमची कमिटी दोन्हीला नाही म्हणते.

डोंबिवलीकर सेक्रेटरी: आमच्याकडेही यावर सभेत दोन तट आहेत. मला वाटतं, सभासदांच्या गाड्या लावून जागा उरली तर द्यावी. पण तसा ठराव अजून मंजूर झालेला नाही.