नुसती लिंक, नाहीतर नुसतं फाईलचं नाव: आधी विचारायचं की कामाला लागायचं?

केंद्रवाला_यवतमाळ
गावात सेवा केंद्र चालवतो. जुलै लागला की रात्री नऊनंतर व्हॉट्सॲपवर नुसती पीडीएफ येऊन पडते, नाव `DOC-20250722-WA0011.pdf`. नाहीतर `pmfby.gov.in` एवढंच. ना राम राम, ना काय पाहिजे ते. मी विचारत बसत नाही, उघडून पाहतो आणि जमेल ते करून ठेवतो. भागीदार म्हणतो, आधी विचार, मग हात लाव. तुम्ही काय करता?

वावरातला_गडी
इचारून काय होते बाप्पा? दिवसभर माणूस वावरात, फोन बंधाऱ्यावर ठेवलेला, रेंज येते अन् जाते. तुमचा "काय काम आहे?" त्याले दुसऱ्या दिवशी सकाळी दिसते. तवर तुमची साईट हँग. जुलैत सातबारा धाडला म्हणजे पीक विमा, यात इचारण्यासारखं काय हाय? करून टाकावं.

सेतूताई
जुलैत सातबारा म्हणजे विमाच, असं नसतं दादा. परवाचंच सांगते. फाईल उघडली तर गट नंबर एक, क्षेत्र 1.62 हेक्टर, खातेदार दोघे भाऊ, इतर हक्कात सोसायटीचा बोजा. म्हणजे हा सातबारा विम्याचाही असू शकतो, पीककर्जाच्या नूतनीकरणाचाही, बोजा कमी करायचाही, किंवा त्याला नुसती प्रिंट हवी असेल. चारही कामं जुलैतच येतात.

विमाच धरला तरी पुढे अडतंच. पीक कोणतं लिहायचं? सातबाऱ्यावर गेल्या हंगामाची पाहणी असते. यंदाची शेतकऱ्यांची ई-पीक पाहणी ऑगस्टात सुरू होते, जुलैच्या उताऱ्यावर ती असणार कुठून? गेल्या वर्षी सोयाबीन दिसतं म्हणून सोयाबीन भरलं आणि यंदा त्यानं कपाशीत तूर घेतली असेल, तर विम्यात एक पीक आणि पाहणीत दुसरं. दावा तिथंच अडकतो. हप्ताही वेगळा, सोयाबीनला विमा रकमेच्या जास्तीत जास्त 2 टक्के आणि कपाशीला जास्तीत जास्त 5 टक्के. आणि खातं सामाईक असेल तर दोघा भावांपैकी कोणाच्या नावावर किती क्षेत्र, हे तर उताऱ्यावर वाचून कळतच नाही.

म्हणून मी आधी फाईल वाचते आणि मग एकच प्रश्न टाकते: "भाऊ, हा सातबारा विम्याला की कर्जाला? विमा असेल तर यंदा काय पेरलं अन् किती एकरात?" नुसतं "काय काम आहे?" विचारलं तर "ते सातबाऱ्याचं" एवढंच उत्तर येतं. हे मी खूप वेळा पाहिलं.

केंद्रवाला_यवतमाळ
पीक पेऱ्याचं पटलं. पण उत्तर येईपर्यंत मी आधार, पासबुक, शेतकरी ओळख क्रमांक शोधून ठेवतो. ते तर चालेल ना?

सेतूताई
चालेल की. जे पुसता येतं ते करा. भरलेला अर्ज सबमिट करू नका आणि पैसे कापू नका. माझी रेघ तिथंच आहे.

भागीदार_म्हणतो_तेच
मी तोच भागीदार. माझं म्हणणं त्याहून कडक आहे. आधीच्या कामासाठी दिलेलं आधार या कामाला वापरायचं का, हेही विचारायला हवं. त्याचं आधार माझ्या फोल्डरमध्ये आहे म्हणून ते माझ्या मालकीचं होत नाही. उद्या खात्यातून हप्ता गेला आणि तो म्हणाला "मी फक्त झेरॉक्स मागितली होती", तर दाखवायला काय आहे? चॅटमध्ये एक पीडीएफ, बाकी कोरं.

वावरातला_गडी
हे शहरी लोकांचं बोलणं हाय. गावात तोंडानं चालते सगळं. त्यानं धाडलं म्हणजे त्याचा भरवसा हाय.

भागीदार_म्हणतो_तेच
मी आर्णी तालुक्यातलाच आहे भाऊ. भरवसा आहे म्हणूनच विचारतो.

नेट_पंडित
लिंकचं तर सोपं आहे. `.gov.in` दिसलं की बिनधास्त उघडा, बाकी सगळं फेकून द्या. विचारायची गरजच काय?

सेतूताई
दिसलं कुठं, ते पाहा. पत्त्याच्या सुरुवातीला `pmkisan.gov.in` आणि त्यालाच जोडून पुढे भलतंच नाव, शेवटी `.xyz`, अशा लिंका गावच्या ग्रुपवर फिरतात. `https://` नंतरची पहिली तिरपी रेघ शोधा आणि तिच्या लगेच आधी काय आहे ते वाचा. तिथं `.gov.in` असेल तरच ती सरकारी धरा. आणि सरकारी निघाली तरी काम कोणतं ते कळत नाहीच. `pmkisan.gov.in` वर केवायसी, हप्त्याची स्थिती, नवी नोंदणी, सगळं एकाच दारात आहे.

बाबा_पुसदवाले
माझाही प्रश्न आहे. मुलाच्या शिष्यवृत्तीचा फॉर्म मी मोबाइलवर उघडला, त्यात चूक दिसली, म्हणून वरची लिंक कॉपी करून केंद्रावर पाठवली. तिथला पोरगा म्हणतो, "काका, इथं फक्त लॉगिन येते." मले तर पूर्ण फॉर्म दिसते. तो टाळून रायला का? त्याले पैसे जास्त पाहिजे का?

सेतूताई
टाळत नाही तो काका. तुम्ही आत शिरलेले होता म्हणून तुम्हाला फॉर्म दिसला. लिंकेसोबत तुमचं लॉगिन जात नाही, त्याच्याकडे दरवाजाच उघडतो. चूक दिसते त्या पानाचा स्क्रीनशॉट पाठवा आणि खाली लिहा: "उत्पन्नाचा आकडा चुकला, दुरुस्त करायचा." पासवर्ड मात्र चॅटवर टाकू नका.

बाबा_पुसदवाले
अच्छा. पण त्यानं हे सांगायले पाहिजे होतं ना. नुसतं "लॉगिन येते" म्हणून गप्प बसला.

भागीदार_म्हणतो_तेच
काकांचं हे बरोबर आहे. "उघडत नाही" एवढंच कळवणं म्हणजेही न विचारणंच.

आता माझा दुसरा मुद्दा. गेल्या महिन्यात ओळखीच्या एका शेतकऱ्याच्या नंबरवरून फाईल आली, `PM KISAN.apk`, सोबत एक अक्षर नाही. आमचे साहेब उघडायला निघाले होते!

केंद्रवाला_यवतमाळ
कॉम्प्युटरवर उघडत होतो रे, मोबाइलवर नाही.

सेतूताई
एपीके अँड्रॉइडवरच बसतं, म्हणून कॉम्प्युटरवर वाचलात. पण कागदपत्र कधी `.apk` नसतं. उतारा असो की पावती, ती पीडीएफ किंवा फोटो असते. आणि इथं चॅटवर "हे काय आहे?" असं विचारूही नका. त्याचा नंबर दुसऱ्याच्या हातात गेला असेल तर उत्तर तोच देईल, "नवीन ॲप आहे, टाका" म्हणून. साधा फोन लावा आणि आवाज ओळखा. त्यानं फाईल इन्स्टॉल केली असेल तर आधी नेट बंद करायला सांगा. पैसे गेले असतील तर लगेच 1930.

वावरातला_गडी
हे एपीकेचं मान्य. तिथं फोनच बरा. पण ताई, फाईलच्या नावात तर तारीख असते, 22 जुलै. म्हणजे उतारा ताजा, नाई का?

सेतूताई
नाही हो. `DOC-20250722` ही फाईल व्हॉट्सॲपवर कधी आली-गेली त्याची तारीख, पुढचा आकडा त्या दिवसाचा अनुक्रम. आत तीन वर्षांपूर्वीचा उतारा असू शकतो. खरी तारीख उताऱ्यावर छापलेली असते, ती वाचा. जुना निघाला तर `digitalsatbara.mahabhumi.gov.in` वरून 15 रुपयांत सही असलेला नवा मिळतो. पण ते 15 रुपये कोण देणार, हेही त्याला विचारूनच.

केंद्रवाला_यवतमाळ
बरं, मग शेवटचा दिवस धरा. रात्री साडेदहा, फोन बंद, विम्याची मुदत बारापर्यंत, हातात सातबारा अन् बाकी कागद. पेरा माहीत नाही. सोडून द्यायचा?

वावरातला_गडी
भरायचा! गेल्या सालचं पीक टाकून. काहीच नसल्यापेक्षा बरं.

भागीदार_म्हणतो_तेच
चुकीचं पीक भरलेलं आणि काहीच नसलेलं, दावा दोन्हीकडे सारखाच. वर हप्ता गेला तो वेगळा.

सेतूताई
मी पोलीस पाटलाला नाहीतर शेजारच्या वावरवाल्याला फोन लावते. धुऱ्यापलीकडे काय पेरलं ते त्याला पाठ असतं. पण क्षेत्राचा आकडा तोही नक्की सांगू शकत नाही, आणि शेजाऱ्याच्या शब्दावर सबमिट दाबायचं की नाही, यावर आमच्या केंद्रात अजून भांडण आहे.

वावरातला_गडी
माया शेजाऱ्यानं सांगितलं तर मी कपाशीच्या जागी ऊस लावला म्हणंन तो. त्याले इचारूच नका.